मिडजर्नीची मिनिटं आठ तारखेलाच संपली: जादा तास घ्यावेत की वरचा प्लॅन? आणि छापायच्या हक्काचं काय?

कुंचला_सांगली

नमस्कार मंडळी. एका छोट्या दिवाळी अंकाची आतली चित्रं आणि मुखपृष्ठ यंदा माझ्याकडे आहे. माणसं आणि मुद्रा मी हातानेच काढते. पार्श्वभूमी, आभाळ, वाडे, विहिरी असं मिडजर्नी या एआय चित्रसाधनाकडून घेते आणि वर पुन्हा रंगवते. संपादकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

माझा बेसिक प्लॅन आहे, महिना १० डॉलर. एकूण १५ चित्रं द्यायची आहेत. त्यातली ६ झाली आणि आज ८ सप्टेंबरला फास्ट वेळ संपल्याचा निरोप आला. नवा कोटा २४ तारखेला मिळणार आणि अंक २५ ला छपाईला जाणार. म्हणजे त्या कोट्याचा मला काही उपयोग नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. जादा तास विकत घेऊ की ३० डॉलरचा स्टँडर्ड घेऊ? स्टँडर्डमधली रिलॅक्स रांग, म्हणजे मिनिटं न मोजता थांबून चित्रं घ्यायची सोय, इतक्या कमी दिवसांत कामाला येईल का? आणि बेसिकवर केलेली चित्रं विकायच्या अंकात छापता येतात ना? प्रेसमधल्या एकांनी सांगितलं की व्यावसायिक वापराचा हक्क ६० डॉलरच्या प्लॅनपासूनच मिळतो. त्या वाक्याने काल झोप लागली नाही.

---

भटक्या_पक्षी

स्टँडर्ड घ्या आणि मोकळ्या व्हा. त्यात सगळं अमर्याद आहे. शिवाय बेसिकची उरलेली मिनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, त्यामुळे तोटा काहीच नाही.

---

यंत्रमाग

भटक्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. स्टँडर्डमध्ये रिलॅक्स रांगेतून चित्रं अमर्याद काढता येतात, हे खरं. पण फास्टला तिथेही मर्यादा आहे, महिन्याला १५ तास. व्हिडिओ तर स्टँडर्डच्या रिलॅक्समध्ये नाहीतच, त्यासाठी ६० डॉलरचा प्रो किंवा १२० डॉलरचा मेगा लागतो. आणि महिन्याचा कोटा पुढे अजिबात सरकत नाही. नूतनीकरणाच्या दिवशी शिल्लक पुसली जाते आणि नवा कोटा येतो. वर्षाचे पैसे एकदम भरले तरी वेळ मिळतो तो महिन्या-महिन्यालाच.

कुंचलाताई, पहिल्यांदा एक गोष्ट मनात पक्की करा. इथे तुम्ही चित्रं विकत घेत नाही, यंत्राचा वेळ घेता. बेसिकमध्ये ३.३ तास, म्हणजे २०० मिनिटं. चार चित्रांच्या एका चौकटीला सरासरी एक मिनिट जातं. मग तुमचं फेरफार करून पुन्हा काढणं, मोठं करून घेणं, काठ वाढवणं हे सगळं त्याच २०० मधून वजा होतं. टर्बोला बोट लागलं तर काम लवकर होतं, पण मिनिटं दुप्पट जातात.

सहा चित्रांना २०० मिनिटं म्हणजे एका चित्राला ३३. तुमच्या पद्धतीने काम करणाऱ्याला हे जास्त वाटतं. गेल्या दोन आठवड्यांत आणखी काही केलं होतं का? डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरून वापरत असाल तर तिथे हे टाकून पाहा:

```
/info
```

शिल्लक वेळ आणि नूतनीकरणाची तारीख, दोन्ही तिथे दिसतात. मात्र मिनिटं कशावर गेली हे तिथे कळणार नाही. त्यासाठी स्वतःची चित्रं तारखेप्रमाणे लावून बघावी लागतील.

---

ठाण्याची_मावशी

मी लिओनार्डो वापरते, फुकटातला. रोज १५० टोकन मिळतात. हळदीकुंकवाच्या आमंत्रणपत्रिका, डोहाळजेवणाचे फलक असं करते मी. तुम्हीही तेच का नाही घेत? एक पैसा लागत नाही.

---

यंत्रमाग

मावशी, तुमच्या कामाला ते उत्तम आहे. ताईंची अडचण वेगळी आहे. रोजचे १५० त्या दिवसापुरतेच असतात, साठवता येत नाहीत. ज्याला रोज दोन-तीन चित्रं लागतात त्याला दिवसाचा कोटा परवडतो. ज्याला दोन आठवड्यांत सगळं उरकायचं आहे त्याला महिन्याचा लागतो. शिवाय फुकट खात्यावरची चित्रं सगळ्यांना दिसतात आणि तिथल्या हक्काच्या अटी पैसे भरणाऱ्यांपेक्षा वेगळ्या आहेत. त्या एकदा डोळ्यांखालून घाला, विशेषतः पत्रिकांचे पैसे घेत असाल तर.

---

ठाण्याची_मावशी

घेते की. एका पत्रिकेचे तीनशे. वाचते आजच.

---

कुंचला_सांगली

यंत्रमाग, तुम्ही विचारलंत म्हणून सगळी चित्रं तारखेप्रमाणे लावून बघितली आणि कारण सापडलं. ३१ ऑगस्टला मुखपृष्ठाचा आणि आतल्या एका चित्राचा हलता तुकडा करून संपादकांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पाण्यावर दिवे हलतात तसं. मनासारखं येईपर्यंत पाचदा करून पाहिलं. ते वेगळ्या खात्यातून जात असेल असं मी धरून चालले होते.

---

यंत्रमाग

सापडली गळती. व्हिडिओच्या एका कामाला चित्राच्या कामाच्या साधारण आठपट वेळ लागतो. पाच कामं म्हणजे सुमारे ४० मिनिटं, तुमच्या महिन्याच्या कोट्याचा पाचवा हिस्सा. २०० मधून ४० गेली की राहिली १६०. सहा चित्रांना १६०, म्हणजे एका चित्राला २७ च्या आसपास. आता आकडा पटतो.

पुढचा हिशेब याच आकड्यावर करू. सहा चित्रांना १६०, तर नऊ चित्रांना त्याच्या दीडपट, म्हणजे २४० मिनिटं, बरोबर चार तास. जादा फास्ट वेळ तासाला ४ डॉलर. म्हणजे १६ डॉलर.

बेसिक आणि स्टँडर्ड यांत २० डॉलरचा फरक आहे. २० डॉलरमध्ये पाच जादा तास येतात. म्हणून महिन्याची तूट पाच तासांच्या आत असेल तर निव्वळ पैशाच्या हिशेबात बेसिकवर राहून तास घेणं स्वस्त, पाचच्या पुढे गेली की स्टँडर्ड. तुम्ही रेषेच्या अलीकडे आहात, पण फार लांब नाही.

आणि महिन्याच्या मध्येच वरच्या प्लॅनवर गेलात तर आकारणी जुन्या प्लॅनचा किती वापर झाला यावरून होते. तुमचा बेसिक पूर्ण संपलेला आहे. तेव्हा सोळा दिवस बाकी आहेत म्हणून निम्मे पैसे वळते होतील, अशी आशा धरू नका. पैसे भरायच्या आधी पडद्यावर जो आकडा येईल तोच खरा.

---

भटक्या_पक्षी

चूक कबूल, जमा होण्याबद्दल माझी गल्लत झाली. पण रिलॅक्सचं सुख तुम्ही कमी लेखताय. मी गेल्या वर्षी स्टँडर्डवर होतो. एकेका कल्पनेच्या पन्नास चौकटी काढायचो आणि मिनिटांची भीती नसायची. मोजत बसलं की हात आखडतो.

---

यंत्रमाग

हे मात्र खरं आहे, आणि ते डॉलरच्या हिशेबात बसत नाही.

रिलॅक्सबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या रांगेची चाल बऱ्याच जणांना कळलेली नसते. तिथे दर कामाला साधारण शून्य ते दहा मिनिटं थांबावं लागतं. पण जो आधी आला त्याचा नंबर आधी, असं ते नाही. या महिन्यात तुम्ही रिलॅक्स किती वापरलंत त्यावर तुमची पाळी ठरते. क्वचित वापरणाऱ्याला लवकर मिळतं, रात्रंदिवस वापरणाऱ्याला उशिरा. आणि ही पाळी नूतनीकरणाच्या दिवशी पुन्हा कोरी होते. म्हणजे रीसेट दोन असतात, एक मिनिटांचा आणि दुसरा रांगेतल्या जागेचा. दुसरा कुठे आकड्यात दिसत नाही, त्यामुळे महिनाअखेर रांग ढिम्म झाली की लोकांना सर्व्हर बिघडला असं वाटतं.

ताईंनी आज स्टँडर्ड घेतला तर रिलॅक्समध्ये त्यांची पाटी कोरी असेल. पहिले काही दिवस रांग भरभर सरकेल. जेवणं झाल्यावर आठ-दहा कामं लावून ठेवायची आणि हातातलं रंगकाम करायचं. शोधाशोध रिलॅक्समध्ये आणि शेवटचे हात फास्टमध्ये, अशी वाटणी केली की १५ तास पुरून उरतात. अट एकच, खात्यातला वेग स्वतः बदलायचा. फास्टवरच राहिलात तर आधी फास्टच संपतं.

---

रेवदंडा९१

माझा एक प्रश्न. मी `--relax` लिहूनही मिनिटं कमी झाली. असं का?

---

यंत्रमाग

रेवदंडा, ते ओळीच्या अगदी शेवटी लिहिलं होतं का? त्याच्या नंतर वर्णनाचे शब्द आले की ते पाळलं जात नाही. आणि तुमचा प्लॅन बेसिक असेल तर रिलॅक्स मुळात नाहीच.

---

रेवदंडा९१

मधे लिहिलं होतं. कळलं. धन्यवाद.

---

अक्षरवेडा

मुख्य मुद्दा सगळ्यांनी सोडलाय. मिडजर्नीला देवनागरी नीट लिहिताच येत नाही. ‘दिवाळी’ लिहायला सांगितलं तर वेलांट्या हवेत आणि अक्षरं तुटलेली. अंकाचं नाव आत कसं घालणार आहात?

---

कुंचला_सांगली

अक्षरवेडा, अक्षरं मी त्यातून घेतच नाही. नाव आमच्याकडचे एक अक्षरकार हाताने लिहितात, ते स्कॅन करून वर ठेवते. चित्रात कुठे पाटी किंवा पोथी आली तर ती मुद्दाम कोरी ठेवायला लावते.

यंत्रमाग, तुमची वाटणी पटली. पण चौकटी कमी करायचा काही मार्ग आहे का? मला एका चित्रासाठी वीसेक चौकटी नुसत्या शोधण्यात जातात. मग सातेक मिनिटं निवडलेल्यावर.

---

यंत्रमाग

आहे. सातव्या आवृत्तीत ड्राफ्ट आहे. चित्र कच्चं येतं, पण वेळ निम्मा लागतो आणि पडद्यावर झटकन दिसतं. असं लिहायचं:

```
/imagine prompt: old stone stepwell at dusk, oil lamps on water, gouache --ar 3:4 --v 7 --draft
```

रचना जमली की त्यातलं एक निवडून पूर्ण दर्जाचं करून घ्यायचं. तुमच्या वीस चौकटी ड्राफ्टमध्ये काढल्या तर २० च्या जागी १० मिनिटं. वरची ७ तशीच. एका चित्राला १७, नवाला १५३. अडीच तासांच्या थोडं वर. तास पूर्ण घ्यावे लागतात म्हणून ३ घ्या, १२ डॉलर. काम अडलंच तर सत्तावीसेक मिनिटं हाताशी राहतात.

फक्त ड्राफ्टमध्ये पोत आणि बारीक नक्षी यांवरून निवड करू नका, ती पुढे बदलते. प्रकाश कुठून येतो आणि वस्तू कुठे बसल्यात एवढंच पाहायचं.

---

कुंचला_सांगली

हे माझ्या हाताला सोपं जाईल. पेन्सिलचा कच्चा खर्डाच की हा.

आता हक्कांचं सांगा ना कोणीतरी. प्रेसवाल्यांचं ते साठ डॉलरचं वाक्य अजून डोक्यात आहे.

---

काळा_कोट_पुणे

मी वकिली करतो, पण हा सल्ला समजू नका. अटी मात्र वाचल्या आहेत.

प्रेसवाल्यांचं वाक्य अर्धवट आहे. पैसे भरणारा कोणत्याही प्लॅनवर असो, अगदी बेसिकवर असला तरी, त्याने तयार केलेल्या चित्रांची मालकी अटींप्रमाणे त्याची, आणि तो ती विकायच्या कामात वापरू शकतो. पुढे प्लॅन बंद केला तरी आधीच्या चित्रांची मालकी जात नाही. दुसऱ्याचं चित्र नुसतं मोठं करून घेतलं तर ते तुमचं होत नाही, मूळ माणसाचंच राहतं. ६० डॉलरच्या प्लॅनचा उल्लेख येतो तो एका विशिष्ट अटीत. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असलेली कंपनी, किंवा तिचा कर्मचारी, असेल तर मालकीसाठी प्रो किंवा मेगाच लागतो. दहा लाख डॉलर म्हणजे नऊ कोटी रुपयांच्या आसपास. नफा नव्हे, उलाढाल.

तुमच्या दिवाळी अंकाची उलाढाल नऊ कोटी आहे का?

---

कुंचला_सांगली

नाही हो. संपादक स्वतः गठ्ठे बांधून एसटीत टाकतात.

---

काळा_कोट_पुणे

मग अंकापुरती चिंता मिटली.

---

एडिसन_मराठी

मी न्यू जर्सीत एका पुस्तक प्रकाशनात नोकरी करते. वकीलसाहेब, एक फरक इथे स्पष्ट व्हायला हवा. अटींमध्ये ‘मालकी तुमची’ लिहिलं म्हणून कॉपीराइट मिळतोच असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ‘झारिया ऑफ द डॉन’ या चित्रकथेची नोंदणी बदलली. शब्द आणि चित्रांची मांडणी यांना संरक्षण ठेवलं, पण मिडजर्नीतून आलेली चित्रं त्यातून वगळली, कारण ती माणसाने निर्माण केलेली धरता येत नाहीत. त्या चित्रांची नक्कल कोणी केली तर अडवायचं कशाच्या जोरावर, हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे. ६० किंवा १२० डॉलर भरूनही तो सुटत नाही. आमच्या करारात आता चित्रकाराला लिहून द्यावं लागतं की कोणता भाग यंत्राचा आणि कोणता हाताचा.

---

काळा_कोट_पुणे

अगदी योग्य. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम २(डी)(६) आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला जो कारण झाला तो, असा त्याचा आशय. काही जण त्याचा आधार घेऊन म्हणतात की वर्णन लिहिणारा हाच कर्ता. पण ते शब्द कायद्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने, तेव्हा अशी साधनं कोणाच्या मनातही नव्हती. मी त्यावर फार वजन टाकणार नाही.

कुंचलाताईंची बाजू उलट भक्कम आहे. माणसं आणि मुद्रा त्यांच्या हातच्या आहेत, वरचं रंगकामही त्यांचं. तेवढ्या भागावर वाद होणार नाही. ताई, पेन्सिलची मूळ पानं आणि रंगवण्याच्या मधल्या फाइली जपून ठेवा. तारखेसकट.

---

भटक्या_पक्षी

पण मालकी तुमची असली तरी चित्र सगळ्यांना दिसतंच की. बेसिक आणि स्टँडर्ड दोन्हींत.

---

यंत्रमाग

हो, आणि मालकीपेक्षा वेगळा असला तरी दिवाळी अंकाला हाच मुद्दा जास्त लागू आहे. लपवून काम करायची सोय, म्हणजे स्टेल्थ, फक्त प्रो आणि मेगामध्ये आहे. बाकी प्लॅनवरची चित्रं साइटवर इतरांना दिसतात, आणि अटींप्रमाणे इतरांना त्यांवरून पुढे काम करण्याची मुभा असते. मुखपृष्ठ प्रकाशनाआधी बाहेर पडू नये असं संपादकांना वाटत असेल तर ते आत्ताच बोलून घ्या. प्रोवाल्यांनीही एक लक्षात ठेवावं, डिस्कॉर्डच्या सार्वजनिक खोलीत काम केलं तर स्टेल्थ असूनही तिथे हजर असलेल्यांना ते दिसतं.

---

कुंचला_सांगली

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, पार्श्वभूमी कोणी पाहिली तर पाहू दे, तुझी माणसं त्यात नाहीत ना, मग आपलं मुखपृष्ठ कोणाला दिसलं? मला हे पटलं. माणसं मी साधनात चढवतच नाही, वर नंतर ठेवते.

पण त्याच फोनवर दुसरी गोष्ट निघाली. उरलेल्या नऊपैकी दोन चित्रं जाहिरातीच्या पानांची आहेत. जाहिरातदार सराफ आहेत, चार जिल्ह्यांत दुकानं. नऊ कोटी त्यांच्यासाठी मोठा आकडा नाही. पैसे मला अंकाकडूनच मिळणार आहेत, सराफांकडून नाही. आता?

---

काळा_कोट_पुणे

आता प्रश्न अवघड झाला.

अट ‘कंपनी किंवा तिचा कर्मचारी’ असं म्हणते. तुम्ही त्यांच्या कर्मचारी नाही. तुम्ही अंकासाठी काम करता आणि अंक त्यांना पान विकतो. शब्दशः वाचलं तर खातं तुमचं, तयार करणाऱ्या तुम्ही, उलाढाल तुमची. अट तुम्हाला लागू नाही.

---

एडिसन_मराठी

मला हे वाचन धोक्याचं वाटतं. अंकात जाहिरात छापली तोवर ठीक. पण सराफ उद्या तेच चित्र दुकानाच्या फलकावर लावतील, त्यांच्या नावाने वापरतील, आणि ते आपलं आहे म्हणतील. त्यांना ते तुमच्याकडून मिळालं, तुम्हाला बेसिकवर मिळालं. मोठ्या कंपनीने बाहेरच्या चित्रकाराचं दहा डॉलरचं खातं वापरून साठ डॉलरची अट टाळली, असं उद्या कोणी म्हणालं तर? आमच्याकडे अशा वेळी मोठ्या ग्राहकाच्या कामाला चित्रकाराने प्रो घ्यावा आणि तो खर्च बिलात लावावा, असं ठरवलंय.

---

काळा_कोट_पुणे

तुमचं धोरण शहाणपणाचं आहे, पण अटीने तशी सक्ती केली आहे असं मी म्हणणार नाही. यावर न्यायालयाचा निकाल माझ्या वाचनात नाही. दोन वकील दोन बाजूंनी बोलू शकतील.

---

रेवदंडा९१

दोन चित्रांसाठी ६० डॉलर म्हणजे पाच हजारांच्या वर गेले. ती दोन पूर्ण हाताने काढली तर?

---

नाशिकचा_नंदी

थोडं वेगळं, पण ताईंच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो. २४ तारखेवर कोणीही विसंबून राहू नका. माझं नूतनीकरण जूनमध्ये ठरल्या दिवशी झालंच नाही. बँकेने कार्ड बदलून दिलं होतं आणि जुन्या कार्डावरची आपोआप पैसे कापण्याची परवानगी त्याबरोबरच गेली. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम असे की दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी तुमची नोंदवलेली मंजुरी लागते. ती नसेल तर बँक व्यवहार परत पाठवते. पैसे गेले नाहीत तर कोटाही भरत नाही. मी दोन दिवस साधनालाच दोष देत होतो. बँकेचा नाकारल्याचा एसएमएस वाचला नव्हता.

आणि परदेशी चलनाचं शुल्क व त्यावरचा जीएसटी धरून १२ डॉलरचे रुपये काढा. नुसत्या दराने गुणलं तर बिल जुळत नाही.

---

कुंचला_सांगली

नंदी, आत्ताच बँकेच्या ॲपमध्ये बघितलं. माझी मंजुरी आहे, पण तिची मुदत ३० सप्टेंबरला संपतेय. वेळेवर सांगितलंत.

ठरलं ते सांगते. ३ जादा तास घेतले. काल रात्री ड्राफ्टमध्ये विहिरीचं चित्र केलं. अठरा चौकटी आणि वरचं काम मिळून १५ मिनिटं गेली. आधीच्या पद्धतीने २७ गेली असती. एक मात्र जाणवलं, ड्राफ्टमध्ये दिव्यांची संख्या जी होती ती पूर्ण दर्जाच्या चित्रात राहिली नाही, सात होते ते पाच झाले. कथेत सात बहिणी आहेत, म्हणून दोन दिवे मी रंगाने घातले.

सराफांची दोन चित्रं रेवदंडा म्हणतात तशी हाताने करतेय. त्यामुळे अंकातल्या सात चित्रांनाच साधन लागेल आणि तीन तास आरामात पुरतील.

---

एडिसन_मराठी

दागिन्यांची नक्षी तुमच्या हातून जास्त चांगली येईल, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. पण प्रश्न म्हणून तो तसाच राहिला. पुढच्या वर्षी असा जाहिरातदार आला आणि हाताने करायला वेळ नसला, तर?

---

काळा_कोट_पुणे

तेव्हा अंकाच्या करारात एक ओळ घालावी: चित्र फक्त या अंकातल्या या पानापुरतं, जाहिरातदाराला पुढचा वापर करायचा असल्यास वेगळी परवानगी. त्याने वाद पूर्ण मिटणार नाही, पण फलकावर चित्र जाण्याआधी तुम्हाला कळेल तरी.

---

भटक्या_पक्षी

किंवा त्या एका महिन्यापुरता प्रो घ्यायचा, काम झालं की लगेच खालचा प्लॅन निवडायचा. खाली उतरणं चालू महिना संपल्यावर लागू होतं, त्यामुळे भरलेल्या महिन्याचा वेळ आणि स्टेल्थ शेवटच्या दिवसापर्यंत राहतं. हे मी स्वतः केलंय. आणि वकीलसाहेबांनी लिहिलंय त्याप्रमाणे त्या महिन्यातल्या चित्रांची मालकी नंतर जात नाही.

---

यंत्रमाग

या वेळी भटक्यांचं पूर्ण बरोबर आहे. जाहिरातीची पानं एकाच महिन्यात गोळा करता आली तर तीस तास फास्ट मिळतं, तेवढ्यात अख्खा अंक होईल. फक्त प्रो घ्यायचा तो दिवस नूतनीकरणाच्या तारखेला धरून निवडा, म्हणजे बेसिकचा अर्धा कोटा वाया जाणार नाही.

---

ठाण्याची_मावशी

मी अटी वाचल्या आणि पत्रिकांचे पैसे घेते म्हणून आता पैसे भरून मिडजर्नीचं खातं घ्यावं असं ठरवतेय. महिन्याला चाळीसेक पत्रिका होतात, एकेकीला चार-पाच वेळा काढावं लागतं. बेसिकची २०० मिनिटं पुरतील का मला?

---

यंत्रमाग

चाळीस गुणिले पाच म्हणजे बरोबर २००, मावशी. एकही पत्रिका बिघडायला नको. लग्नसराईच्या महिन्यात पुरणार नाहीत, आषाढात उरतील. पहिला महिना बेसिक घ्या, ड्राफ्ट वापरा आणि दर रविवारी शिल्लक वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या रविवारी शंभराच्या खाली गेलात तर इथे येऊन सांगा.